पत्ता खरा, वाट खोटी

24 एप्रिल 2018, मंगळवार. आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजून गेले होते. त्या सुमाराला जगातल्या काही लोकांनी आपल्या ब्राउझरमध्ये myetherwallet.com हे नाव टाइप केलं. ईथर हे आभासी चलन ज्यांच्याकडे असतं, त्यांना ते हाताळता यावं म्हणून ही साइट आहे. नाव त्यांनी अचूक टाइप केलं होतं. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस नव्हता, फसव्या ईमेलमधल्या लिंकवर कुणी क्लिक केलं नव्हतं. तरीही समोर उघडलेलं पान मूळ साइटचं नव्हतं. हुबेहूब तसंच दिसणारं ते पान रशियातल्या एका सर्व्हरवरून येत होतं. ज्यांनी तिथे आपली गुप्त किल्ली दिली, त्यांचं ईथर काही क्षणांत दुसऱ्याच्या खात्यात गेलं. सुमारे दोन तासांत 215 ईथर, म्हणजे त्या दिवशीच्या भावाने दीड लाख डॉलरच्या आसपास रक्कम गेली.

चोरांनी मूळ साइट फोडली नव्हती. साइटच्या नावाचा पत्ता सांगण्याचं काम ॲमेझॉनची ‘रूट 53’ ही सेवा करत होती. तीही फोडली नव्हती. त्यांनी हात घातला तो या दोन्हींच्या बाहेर, इंटरनेटच्या वाटेवर.

ही चोरी कशी झाली ते नीट समजलं, तर तिच्यावरचा उपाय जवळजवळ आपोआप सुचतो. तो उपाय कुठे थांबतो, हेही त्याच वाटेने गेलं की दिसतं. म्हणून याच एका घटनेचा धागा धरून पुढे जाऊ.

इंटरनेट हे एक जाळं नाही, स्वतंत्र जाळ्यांचा समूह आहे. जिओ, एअरटेल, ॲमेझॉन, एखादं विद्यापीठ, तालुक्याच्या गावातला ब्रॉडबँडवाला, प्रत्येकाचं आपापलं नेटवर्क. अशा नेटवर्कला एक क्रमांक मिळतो, त्याला एएस नंबर म्हणतात. ॲमेझॉनचा एक क्रमांक आहे AS16509. जगात असे सत्तर हजारांहून जास्त क्रमांक वापरात आहेत. ही नेटवर्कं एकमेकांशी बीजीपी नावाच्या भाषेत बोलतात, आणि त्या बोलण्यातलं मुख्य वाक्य एकच असतं: “अमुक पत्त्यांकडे जायचं असेल तर माझ्याकडे पाठवा.” शेजारचं नेटवर्क ते ऐकतं, आपल्या राउटरमध्ये नोंदवतं आणि आपला क्रमांक पुढे जोडून आपल्या शेजाऱ्याला सांगतं. अशा रीतीने एका ठिकाणी केलेली जाहिरात काही मिनिटांत जगभर पोचते.

बीजीपीचा पहिला आराखडा 1989 साली कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर या अभियंत्यांनी जेवणाच्या टेबलावरच्या कागदी रुमालांवर मांडला. तेव्हा जोडायची नेटवर्कं थोडी होती आणि ती चालवणारी माणसं बहुतेक एकमेकांना ओळखत होती. “हे पत्ते माझे आहेत” असं कुणी म्हटलं तर ते खरं असणार, असं धरून ती भाषा घडली. म्हणणाऱ्याचा हक्क तपासायची सोय तिच्यात नव्हती. मूळ बीजीपीत ती आजही नाही. जी काही तपासणी होते ती बाहेरून जोडावी लागते.

आता पत्त्यांकडे वळू. जाहिरात सुट्या पत्त्याची होत नाही, पत्त्यांच्या गटाची होते. या गटाला प्रीफिक्स म्हणतात आणि तो 205.251.192.0/23 असा लिहितात. तिरप्या रेघेपुढचा आकडा गटाचा आकार सांगतो. /23 म्हणजे 512 पत्ते, /24 म्हणजे त्याच्या निम्मे, 256. आकडा जितका मोठा, तितका गट लहान आणि नेमका.

राउटरचा एक नियम मात्र नीट लक्षात ठेवायला हवा, कारण सगळी चोरी त्याच्यावर उभी आहे. एखाद्या पत्त्याला दोन जाहिराती लागू पडत असतील, तर राउटर लहान गटाची जाहिरात निवडतो. टपाल कार्यालयातल्या छाटणीच्या कप्प्यांसारखं हे आहे. एका कप्प्यावर ‘पुणे जिल्हा’ अशी चिठ्ठी आहे आणि दुसऱ्यावर ‘जुन्नर’. जुन्नरचं पत्र आलं की छाटणारा ते जुन्नरच्या कप्प्यात टाकतो. जिल्ह्याचा कप्पा जवळ आहे की लांब, हे तो बघतच नाही. जास्त नेमकी चिठ्ठी नेहमी जिंकते. नियम शहाणपणाचा आहे, त्याच्याशिवाय इंटरनेट चालणार नाही. पण उद्या एखाद्या परक्या माणसाने आत येऊन एका रिकाम्या कप्प्यावर ‘जुन्नर’ अशी चिठ्ठी डकवली आणि ती कुणी तपासली नाही, तर जुन्नरची सगळी पत्रं त्याच्या हातात पडतील. जुन्नरमध्ये काहीच बिघडलेलं नसेल. पत्रावरचा पत्ताही बरोबर असेल.

त्या मंगळवारी नेमकं हेच घडलं. ॲमेझॉन आपल्या नावांच्या सर्व्हरचे पत्ते /23 आकाराच्या गटांत जाहीर करत असे. त्या दिवशी AS10297 या क्रमांकाच्या, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका इंटरनेट कंपनीच्या नेटवर्कमधून पाच नव्या जाहिराती बाहेर पडल्या: 205.251.192.0/24, 205.251.193.0/24, आणि तशाच 195, 197 व 199 या आकड्यांच्या. पाचही ॲमेझॉनच्या /23 गटांच्या पोटातले /24. पाच गुणिले 256, म्हणजे 1280 पत्ते. त्या कंपनीचा स्वतःचा हा उद्योग नव्हता. ॲमेझॉनने नंतर सांगितलं की एका इंटरनेट पुरवठादाराच्या यंत्रणेत शिरून कुणीतरी त्या जाहिराती सोडल्या होत्या.

AS10297 च्या शेजाऱ्यांमध्ये हरिकेन इलेक्ट्रिक हे फार मोठं, जगभर पसरलेलं नेटवर्क होतं. त्याने त्या जाहिराती घेतल्या आणि पुढे सांगितल्या. जिथे जिथे त्या पोचल्या, तिथल्या राउटरांनी आपला नियम पाळला: /24 हा /23 पेक्षा नेमका, म्हणून ॲमेझॉनकडे जाणारे प्रश्न चोराच्या मशीनकडे वळले.

प्रश्न म्हणजे कोणते, ते सांगायला हवं. आपण नाव टाइप करतो तेव्हा आपल्यासाठी पत्ता शोधून आणणारा एक सर्व्हर मध्ये असतो, त्याला रिझॉल्व्हर म्हणतात. तो रूट 53 ला विचारतो, “या नावाचा पत्ता काय?” आणि मिळालेलं उत्तर काही काळ आपल्याजवळ जपून ठेवतो. त्या दिवशी बऱ्याच रिझॉल्व्हरांचे प्रश्न चोराच्या सर्व्हरसमोर गेले. रूट 53 वर तर असंख्य साइटची नावं होती. चोराच्या सर्व्हरने बाकी सगळ्या नावांना SERVFAIL, म्हणजे ‘उत्तर देता येत नाही’ असं कळवलं, आणि फक्त myetherwallet.com विचारलं की रशियातल्या सर्व्हरचा पत्ता दिला. एका साइटचे वापरकर्ते लुटायला रूट 53 च्या पाच /24 गटांची वाट वळवली गेली. दुसऱ्या कुणाची साइट त्या दोन तासांत उघडली नसेल, तर त्या माणसाला कधी कळलंही नसेल की दुसऱ्यासाठी टाकलेल्या जाळ्यात आपण अडकलो होतो.

एक बचाव तिथेही शिल्लक होता. खोट्या पानाकडे त्या नावाचं खरं सर्टिफिकेट नव्हतं, त्यामुळे ब्राउझरने लाल इशारा दाखवला. ज्यांनी तो ओलांडून पुढे जायचं ठरवलं, त्यांचेच पैसे गेले. पण त्या लोकांना दोष देणं मला पटत नाही. नाव बरोबर आहे, साइट रोजची आहे, मग बिघाड आपल्याच मशीनमध्ये असावा असं वाटणं अगदी साहजिक आहे. शिवाय हा बचाव वाटतो तितका पक्का नाही, हे पुढे दिसेलच.

आता उपायाकडे येऊ. दोष कुठे आहे हे आता स्पष्ट आहे: “हे पत्ते माझ्याकडे पाठवा” असं म्हणणाऱ्याला तो हक्क आहे का, हे कुणी विचारत नाही. विचारायचं तर दोन गोष्टी लागतात. एक, हक्काची नोंद, जिच्यात कुणाला खाडाखोड करता येणार नाही. दुसरी, ती नोंद बघून निर्णय घेणारा राउटर.

जमिनीच्या व्यवहारात आपण सातबारा बघतो. इंटरनेटच्या पत्त्यांसाठी तसा उतारा आहे, त्याला रोआ म्हणतात. जगात पत्ते वाटणाऱ्या पाच प्रादेशिक संस्था आहेत. आशिया-प्रशांत भागासाठी एपनिक आहे, आणि भारतात तिच्या अंतर्गत निक्सीचं इरिन हे काम बघतं. ज्या संस्थेने पत्ते दिले, तिच्या डिजिटल सहीच्या साखळीतून पत्तेधारकाला प्रमाणपत्र मिळतं, आणि त्या प्रमाणपत्राच्या जोरावर तो रोआ काढतो. या सगळ्या व्यवस्थेला आरपीकेआय म्हणतात. रोआत मोजून तीनच गोष्टी असतात. समजा ॲमेझॉनने त्या गटाचा रोआ असा काढला असता:

```
Prefix: 205.251.192.0/23
Max length: 23
Origin: AS16509
```

अर्थ असा: हा गट AS16509 या नेटवर्कने जाहीर करावा, आणि /23 पेक्षा लहान तुकडे करून जाहीर करू नये. मधली ओळ किरकोळ वाटते. प्रत्यक्षात पुढे सगळी गोष्ट त्याच ओळीवर येऊन थांबणार आहे.

दुसरा भाग म्हणजे पडताळणी, जाहिरातीचा उगम तपासणं. तिचे नियम 2013 च्या जानेवारीत आरएफसी 6811 या दस्तऐवजात ठरले. राउटरला स्वतः सह्या तपासाव्या लागत नाहीत. नेटवर्क चालवणारा एका वेगळ्या सर्व्हरवर रूटिनेटर किंवा तत्सम प्रोग्राम बसवतो. तो पाचही संस्थांकडचे रोआ ठरावीक वेळाने उतरवून घेतो, सह्या जुळतात का ते बघतो आणि उरलेली साधी यादी राउटरला देतो. राउटर आलेली प्रत्येक जाहिरात त्या यादीशी ताडून बघतो.

चोराची जाहिरात आता या चाळणीतून घालून बघू. जाहिरात आहे 205.251.193.0/24, आणि उगम AS10297. पहिला प्रश्न: हा गट कुठल्या रोआखाली येतो का? येतो, 193 चे पत्ते 205.251.192.0/23 च्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहेत. दुसरा प्रश्न: उगमाचा क्रमांक जुळतो का? नाही. आकार मर्यादेत आहे का? तोही नाही. निकाल Invalid, अवैध. पडताळणी करणारा राउटर ही जाहिरात टाकून देतो आणि ॲमेझॉनचा /23 जसा होता तसा वापरत राहतो. बाकीच्या /23 गटांचेही असेच रोआ असते, तर पाचही गटांची वाट तिथेच अडली असती.

निकाल आणखी दोन असू शकतात. उगम आणि आकार दोन्ही जुळले तर Valid. आणि ज्या गटाचा रोआ कुणी काढलेलाच नाही, त्याचा निकाल NotFound. हा तिसरा निकाल आला तर जाहिरात स्वीकारावीच लागते. इंटरनेटवरच्या आयपीव्ही4 मार्गांपैकी रोआखाली आलेल्या मार्गांचं प्रमाण निम्म्याच्या पुढे गेलं ते 2024 च्या मे महिन्यात. बाकीचे टाकून दिले तर जगाचा मोठा भाग अंधारात जाईल. म्हणून नियम एवढाच ठेवतात, की जे स्पष्टपणे अवैध आहे ते टाका. लिनक्सवर चालणाऱ्या एफआरआर या राउटर-प्रोग्राममध्ये त्याचा गाभा तीन ओळींत मावतो:

```
route-map PADTALANI deny 10
 match rpki invalid
route-map PADTALANI permit 20
```

याचा एक परिणाम असा, की ज्याने रोआ काढला नाही त्याला ही पडताळणी काहीच देत नाही. शेजारच्याने कितीही कडक दार बसवलं, तरी ज्या जमिनीचा उतारा नाही तिच्यावरचं अतिक्रमण ओळखणार कसं?

उलट बाजूही आहे. मी पडताळणी करतो, एवढ्याने माझे वापरकर्ते सुरक्षित होतात का? इथे बरेच जाणकारही घाईने ‘हो’ म्हणतात. समजा माझं नेटवर्क लहान आहे. मी चोराचा /24 टाकून दिला. माझ्याकडे ॲमेझॉनचा /23 आहे, त्याप्रमाणे मी माहितीचं पाकीट माझ्या मोठ्या पुरवठादाराकडे दिलं. तो पडताळणी करत नाही. त्याच्या राउटरात चोराचा /24 बसलेला आहे. माझं पाकीट त्याच्या दारात पोचताच तो ते आपल्या यादीप्रमाणे चोराकडे पाठवतो. माझ्या राउटरच्या यादीत सगळं चोख दिसतं आणि माझी पाकिटं तरीही चोरीला जातात. कारण पाकीट पुढच्या प्रत्येक राउटरवर नव्याने वाट शोधतं. माझा निर्णय माझ्या उंबरठ्यापुरता.

म्हणूनच पडताळणीत वजन आहे ते मोठ्या वाहक नेटवर्कांचं. त्यांनी अवैध जाहिराती टाकल्या, तर त्यांच्यामागच्या हजारो लहान नेटवर्कांपर्यंत त्या पोचतच नाहीत, त्या लहानांनी काही केलेलं नसलं तरी. 2019 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एटी अँड टीने आपल्या समतुल्य शेजाऱ्यांकडून येणाऱ्या अवैध जाहिराती टाकायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही वर्षांत बाकीची मोठी वाहक नेटवर्कं एकेक करून त्याच वाटेने आली. आज चुकीच्या उगमाची जाहिरात पूर्वीसारखी वणव्यासारखी पसरत नाही, त्याचं मुख्य कारण हे आहे.

याचा उपयोग चोरीपेक्षा चुकांच्या वेळी जास्त वेळा होतो. 16 एप्रिल 2021 रोजी भारतातल्या व्होडाफोन आयडियाच्या AS55410 या नेटवर्कने दहाएक मिनिटं तीस हजारांहून जास्त परक्या गटांची जाहिरात स्वतःच्या नावाने केली. हेतू चोरीचा नव्हता, राउटरच्या मांडणीतली ती चूक होती. पण लोकांच्या पाकिटांना हेतू कळत नाही. ती भारताकडे धावू लागली. ज्या गटांचे रोआ होते, त्यांच्या खोट्या जाहिराती पडताळणी करणाऱ्या नेटवर्कांच्या दारात अवैध ठरून गळाल्या. ज्यांचे नव्हते, त्यांना तो पाठिंबा मिळाला नाही.

आणि स्वतःच्या हाताने स्वतःचंच दार बंद करण्याची एक चूक फार नेहमी होते, ती इथेच सांगून ठेवतो. एखाद्या ब्रॉडबँडवाल्याकडे /22 आहे, म्हणजे 1024 पत्ते. त्याने रोआ काढला, कमाल आकार 22 लिहिला. वर्षभराने त्याने दुसरा पुरवठादार घेतला आणि वाहतूक वाटून द्यायची म्हणून त्यातला एक /24 वेगळा जाहीर केला. रोआ बदलायचा राहिला. तो /24 आता स्वतःच्याच नावाने अवैध. पडताळणी करणाऱ्या नेटवर्कांनी तो टाकला. त्याचा /22 जाहीर होत असेल, तर मागची वाट शिल्लक राहते आणि बिघाड फक्त वाहतूक नको त्या तारेवर येण्यात दिसतो. पण तुकडे केल्यावर मोठी जाहिरात काढून टाकली असेल, तर त्या ग्राहकांना काही साइट उघडतात, काही उघडत नाहीत, आणि कुठली उघडेल ते समोरचं नेटवर्क पडताळणी करतं की नाही यावर ठरतं. तक्रार अशी अर्धवट, विखुरलेली आली, की आधी केबल आणि मोडेम तपासण्याऐवजी आपल्या गटाचा निकाल Valid आहे की Invalid, ते बघावं. एका मिनिटाचं काम आहे आणि कित्येकदा दोन दिवसांची धावपळ वाचते.

आता त्या मधल्या ओळीकडे येऊ.

वरच्या उदाहरणातल्या ब्रॉडबँडवाल्याला त्रास झाला की कुणीतरी सल्ला देतं, “कमाल आकार सरळ 24 लिहून टाक. मग कितीही तुकडे कर, अवैध होणारच नाही.” सल्ला सोयीचा आहे, आणि धोक्याचा आहे. तो का धोक्याचा, हे 17 ऑगस्ट 2022 ला दिसलं. सेलर नेटवर्क नावाच्या आभासी चलनाच्या एका सेवेचा सर्व्हर ॲमेझॉनच्या पत्त्यांवर होता, 44.235.216.0/24 या गटात. ॲमेझॉन तेव्हा तो गट वेगळा जाहीर करत नव्हती, तो 44.224.0.0/11 या अवाढव्य गटाच्या पोटात होता. चोरांनी AS209243 या नेटवर्कमधून तो /24 जाहीर केला. इथवर 2018 सारखंच.

फरक एवढाच, की या वेळी त्यांनी उगम म्हणून स्वतःचा क्रमांक लिहिला नाही. वाटेच्या शेवटी त्यांनी ॲमेझॉनचाच AS14618 हा क्रमांक लिहिला आणि त्याच्या अलीकडे AS209243. म्हणजे म्हणणं असं: “हे पत्ते ॲमेझॉनचेच आहेत, मी फक्त ॲमेझॉनचा शेजारी आहे, माझ्यामार्गे या.” ते खोटं होतं. पण पडताळणी फक्त उगम बघते. वाटेतल्या क्रमांकांवर विश्वास ठेवते. आणि ॲमेझॉनचा रोआ त्या भागात आपल्या क्रमांकांना थेट /24 पर्यंतची मुभा देत होता. उगम जुळला, आकार जुळला. निकाल Valid. चाळणीने आपलं काम अगदी बरोबर केलं आणि चोर तिच्यातून निघून गेला.

सर्टिफिकेटचा बचावही या वेळी उरला नाही. सर्टिफिकेट देणारी संस्था मागणाऱ्याची ओळख पटवते ती त्या नावाच्या सर्व्हरशी इंटरनेटवरून बोलून, आणि तो सर्व्हर ज्या वाटेवर आहे ती वाटच चोराच्या ताब्यात होती. चोरांनी त्या नावाचं खरंखुरं सर्टिफिकेट मिळवलं. ब्राउझरने इशारा दिला नाही, द्यायला कारणच नव्हतं. 32 जणांचे मिळून सुमारे 2 लाख 35 हजार डॉलर गेले. सुटका शेवटी जुन्याच पद्धतीने झाली: ॲमेझॉनने स्वतः तोच /24 जाहीर केला. आकार सारखा झाल्यावर नेमकेपणाचा फायदा संपला आणि वाहतूक परत खऱ्या घरी येऊ लागली.

समजा त्या रोआत कमाल आकार 11 एवढाच असता. चोराने उगमाचा क्रमांक कितीही हुबेहूब लिहिला असता, तरी /24 मर्यादेबाहेर म्हणून अवैध ठरला असता. त्याला मग /11 च जाहीर करावा लागला असता, म्हणजे खऱ्या जाहिरातीशी बरोबरीने स्पर्धा. दोन गट सारख्याच आकाराचे असले की राउटर बहुधा कमी टप्प्यांची वाट निवडतो, आणि खोट्या वाटेत ॲमेझॉनचा क्रमांक जोडल्यामुळे एक टप्पा वाढलेला असतो. चोराच्या अगदी जवळची काही नेटवर्कं फसली असती. सगळं जग नाही. शिवाय /11 ची, म्हणजे वीस लाखांहून जास्त पत्त्यांची वाट वळवली तर गोंधळ लपत नाही. एका आकड्याने एवढा फरक पडतो. म्हणूनच त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निघालेल्या आरएफसी 9319 या दस्तऐवजात हीच सूचना आहे, की प्रत्यक्षात जेवढं जाहीर करता तेवढ्याचाच रोआ काढा, पुढे लागेल म्हणून जागा मोकळी ठेवू नका. तुकडा करायचा झाला की आधी त्याचा नवा रोआ काढायचा, तो पसरायला वेळ द्यायचा, मगच जाहिरात. हा क्रम उलटा झाला की वरच्या ब्रॉडबँडवाल्याची गत होते.

/24 चा आणखी एक पैलू आहे. बहुतेक नेटवर्कं /24 पेक्षा लहान आयपीव्ही4 गट घेतच नाहीत. म्हणून ज्यांच्यासाठी वाट वळणं जिवावर बेतण्यासारखं आहे, त्यांनी आपले मोलाचे सर्व्हर आधीपासूनच /24 मध्ये जाहीर करून ठेवावेत. तेवढ्याच आकाराचा नेमका रोआही काढावा. चोराला त्याच्याखाली उतरायला पायरी उरत नाही. सगळ्यांनीच असं केलं तर राउटरांच्या याद्या अतोनात वाढतील, म्हणून हे सरसकट सांगण्यासारखं नाही. नावांचे सर्व्हर, बँकांचे दरवाजे, अशा थोड्या ठिकाणी मात्र ते योग्यच आहे असं माझं मत आहे.

वाटेतला खोटा शेजारी ओळखण्यासाठी आता आस्पा नावाची नोंद येते आहे. तिच्यात नेटवर्क सहीनिशी सांगतं, की माझे पुरवठादार फक्त अमुक क्रमांकांचे आहेत. ॲमेझॉनच्या अशा यादीत AS209243 नसता, तर “मी ॲमेझॉनचा पुरवठादार” हे म्हणणं पुढच्या राउटरला तिथल्या तिथे खोडता आलं असतं. रोआ सांगतो जमीन कुणाची. आस्पा सांगते तिच्याकडे जाणारी वाट कुणाच्या बांधावरून जाते. तिचा वापर नुकता सुरू होतो आहे.

आपल्या घरच्या इंटरनेटवर ही पडताळणी आहे का, हे कुणालाही बघता येतं. isbgpsafeyet.com या साइटवर एक बटण आहे. ते दाबलं की आपला ब्राउझर दोन पत्त्यांकडून काही मागवतो: एकाची जाहिरात वैध आहे, दुसऱ्याची मुद्दाम अवैध ठेवलेली आहे. दुसरीकडून काहीच आलं नाही, तर आपल्या कंपनीने, किंवा तिच्या वरच्या कुठल्यातरी मोठ्या नेटवर्कने, ती जाहिरात टाकून दिली आहे. यातलं नेमकं कोण, ते ही चाचणी सांगत नाही. दोन्हींकडून उत्तर आलं, तर त्या मंगळवारची 205.251.193.0/24 ही जाहिरात, रोआ असतानाही, आज आपल्या घरापर्यंत पोचू शकली असती.